न थकवलेलं मुद्दल: सोसायटीच्या बिलातल्या एका ओळीने माझे चार रविवार खाल्ले

ऑक्टोबर 2023 चं मेंटेनन्सचं बिल आलं तेव्हा बाबांनी ते चष्मा काढून, पुन्हा लावून, दोनदा वाचलं. एकूण देय रक्कम 42,261 रुपये. आमचं तिमाही बिल 9,000 चं. सिंहगड रोडवरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, राजवाडा नव्हे. "मी एक तिमाही चुकवलेली नाही," बाबा म्हणाले. हे अगदीच खरं नव्हतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ते नाशिकला ताईकडे अडकले होते आणि एप्रिल ते सप्टेंबरची दोन बिलं, म्हणजे 18,000 रुपये, राहून गेली होती. कमिटीने 30 सप्टेंबर 2020 पर्यंतचं व्याज सोडून दिलं होतं. बाबांनी बिलंच सोडली असं समजून घेतलं. चूक आमचीच. मात्र ऑक्टोबर 2020 च्या तिमाहीपासून प्रत्येक 9,000 चा चेक वेळेवर गेलेला, पावत्यांसकट फाईलला लावलेला.

बिलाच्या वरच्या भागात मला फार काही खुपलं नाही. सर्व्हिस चार्जेस सगळ्या फ्लॅटना सारखेच, लिफ्टचंही तसंच. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या, जमिनीची किंमत वगळून, वर्षाला किमान पाव टक्का असतो आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. आमचा बांधकाम खर्च 6 लाख धरलाय, म्हणजे तिमाहीला 375 आणि 1,125. दोन्ही आकडे जुळले. पुण्यात पाणीपट्टीसकट मिळकतकर महापालिका ज्याच्या त्याच्या नावाने पाठवते, त्यामुळे बिलात पाणी म्हणून जे दिसतं ते बहुतेक टँकरचं असतं. प्रशिक्षण निधीचे महिन्याला 10 रुपये. तीन वर्षांत दर बदलला नव्हता, म्हणून ही तपासणी चहा संपायच्या आत झाली.

गाडी अडली ती खालच्या दोन ओळींवर. "मागील बाकी (मुद्दल) 31,602" आणि त्याखाली "व्याज 1,659".

31,602 हे मुद्दल आलं कुठून? आमची थकबाकी 18,000. त्यानंतर एकही बिल थकलेलं नाही. मुद्दल म्हणजे न भरलेली बिलं, ती वाढायला नवीन बिल थकायला हवं. व्याज वाढेल हे मान्य, पण त्याची वेगळी ओळ आहे ना!

पहिल्या रविवारी सोसायटीच्या ऑफिसात गेलो. मॅनेजरने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, "सर, सॉफ्टवेअरने काढलंय." जणू वरून आकाशवाणी झाली. दुसऱ्या रविवारी तो सुट्टीवर. तिसऱ्या रविवारी खजिनदार काका भेटले आणि त्यांनी मला व्याजाचा दर समजावून सांगितला: वर्षाला 21 टक्के. तो मला माहीत होता. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींत तेव्हा थकबाकीवर जास्तीत जास्त 21 टक्के आणि तेही सरळव्याज म्हटलं होतं. आमच्या सर्वसाधारण सभेने तेवढाच ठरवलाय. (तुमच्याकडे कमी ठरलेला असू शकतो. ठरावाची प्रत मागा, तोंडी ऐकू नका.)

मी बाबांची फाईल काढून सगळी बिलं जमिनीवर ओळीने मांडली आणि फक्त व्याजाची ओळ वाचत गेलो. जानेवारी 2021 ला 945. बरोबर, 18,000 वर तीन महिन्यांचे सव्वापाच टक्के. एप्रिलला 995. जुलैला 1,047. तिथेच ट्यूब पेटली. थकबाकी तीच आणि पुढची बिलं वेळेवर भरली जात असतील, तर सरळव्याजाची ओळ दर तिमाहीला तोच आकडा दाखवते. 945, 945, 945. आकडा चढायला लागला की कुठेतरी व्याजावर व्याज लागतंय.

पण मॅनेजर छातीठोकपणे म्हणत होता की सॉफ्टवेअर फक्त मुद्दलावरच व्याज लावतं. गंमत म्हणजे तोही खोटं बोलत नव्हता. खात्याचा उतारा मागून घेतला तेव्हा उलगडा झाला. (हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. बिलात चेक कशात जिरला ते दिसत नाही, उताऱ्यात दिसतं.) जानेवारी 2021 चा आमचा 9,000 चा चेक उताऱ्यात दोन तुकड्यांत जमा होता: 945 व्याजापोटी, 8,055 मुद्दलापोटी. म्हणजे सॉफ्टवेअरने आधी व्याज वसूल केलं, आणि त्या तिमाहीच्या 9,000 च्या बिलातले 945 न भरलेले राहिले. ते गेले मुद्दलात. मुद्दल झालं 18,945. पुढच्या वेळी त्यावर सव्वापाच टक्के, 995. पुन्हा तेच. व्याज कधीच साठलेलं दिसत नाही, कारण ते दरवेळी "भरलं" जातं. फुगतं ते मुद्दल. नावाला सरळव्याज, हिशोब चक्रवाढीचा!

सप्टेंबर 2023 अखेर बारा तिमाह्या झाल्या. सरळव्याजाने 945 गुणिले 12, म्हणजे 11,340. त्यांच्या पद्धतीने 15,261. फरक 3,921 रुपये. रक्कम फार मोठी नाही, पण थकबाकी चाळीस हजार असती तर हाच फरक साडेआठ हजारांच्या पुढे गेला असता.

चौथ्या रविवारी कमिटीपुढे एकच कागद ठेवला: डावीकडे त्यांच्या बारा व्याजाच्या रकमा, उजवीकडे 945 बारा वेळा. अध्यक्ष म्हणाले, बँकाही आधी व्याजच घेतात. मी म्हटलं, घेऊ देत, पण उपविधीत सरळव्याज लिहिलंय, तर क्रम कोणताही लावा, व्याजावर व्याज निघता कामा नये. आणि मग बाबांनी स्वतःहून केलेली एक गोष्ट कामी आली. प्रत्येक चेकच्या मागे त्यांनी त्या तिमाहीचा बिल क्रमांक लिहिला होता आणि पावतीवरही तोच होता. म्हणजे तो पैसा चालू बिलाचाच होता. खजिनदार काकांनी पावत्या एकेक करून उलटल्या, काही बोलले नाहीत, फक्त पाणी मागवलं. तुम्ही ऑनलाइन भरत असाल तर शेऱ्याच्या रकान्यात बिल क्रमांक टाकायची सवय लावा.

थकबाकी असताना फक्त चालू बिल भरत राहू नका, हेही सांगून ठेवतो. आम्ही तेच केलं. सरळव्याजानेही 18,000 वर वर्षाला 3,780 जात होते, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे नव्हे. 2021 मध्येच ती दोन बिलं वेगळ्या चेकने भरून "थकबाकी मुद्दलापोटी" असं पत्र जोडलं असतं तर मामला तिथेच मिटला असता.

क्रेडिट नोट मिळायला डिसेंबर उजाडला. 3,921 कमी केले, कारण लिहिलं "व्याज समायोजन". मी ते खोडून "व्याजावर आकारलेले व्याज परत" असं लिहून मागितलं, कारण दहा वर्षांनी फ्लॅट विकताना ना-देय प्रमाणपत्र काढायला जो बसेल त्याला समायोजन म्हणजे काय ते कळणार नाही. मॅनेजरने तोंड वाकडं केलं पण लिहून दिलं. मधल्या काळातलं व्याज कमिटीने लावलं नाही. 18,000 आणि 11,340 चे दोन वेगळे चेक दिले, दोन वेगळ्या पावत्या घेतल्या.

जानेवारीच्या बिलावर मागील बाकी 0.00, व्याज 0.00. बाबांनी ते फाईलला लावलं आणि समासात पेन्सिलीने बरोबरची खूण केली. सॉफ्टवेअरमधली सेटिंग बदलली का, असं मी खाली जाऊन विचारलं. मॅनेजर म्हणाला, "सर, तुमचं झालं ना?" बी विंगमधल्या एकांची तीन वर्षांची थकबाकी आहे. त्यांना मी या रविवारी उतारा घेऊन वर बोलावलंय.