पटर नोंद: ब्लेड की मॅलेट, त्याआधी शाफ्टची लांबी

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी गोल्फ कोर्सवर उभं राहवत नाही, म्हणून हा प्रयोग धरमपेठेतल्या घरी, हॉलमध्ये केला. प्रश्न एकच होता: ३ मीटरवरून माझा पट, म्हणजे होलकडे हलकेच मारलेला फटका, उजवीकडून निसटतो, तो पटरच्या डोक्यामुळे की शाफ्टच्या, म्हणजे दांड्याच्या, लांबीमुळे? ३ मीटरवर फेस, म्हणजे चेंडूला लागणारी डोक्याची बाजू, १ अंशाने उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहिला तर चेंडू सुमारे ५ सेंटीमीटर बाजूला जातो. होलचा व्यास १०.८ सेंटीमीटर, म्हणजे केंद्रापासून कड तेवढ्याच अंतरावर. चूक करायला जागा फार कमी आहे.

पटरच्या फेसवर दुहेरी टेपने आरशाचा छोटा तुकडा चिकटवला. ३ मीटरवरच्या समोरच्या भिंतीशी, जमिनीपासून २ सेंटीमीटरवर लेझर ठेवला आणि त्याच्यावर उभी रेघ मारलेला कागद लावला. चेंडू ठेवून नेम धरायचा, मग धाकट्या भावाने चेंडू अलगद उचलायचा. लेझरचा ठिपका भिंतीवर परत येतो; पटरला ३ अंशांचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कल, असल्याने तो साधारण ३० सेंटीमीटर वर दिसतो, म्हणून कागद उंच हवा. परावर्तनात कोन दुप्पट होतो, तेव्हा रेघेपासूनचं अंतर निम्मं करून वाचायचं. किरण डोळ्यात जाणार नाही हे मात्र कटाक्षाने पाहा.

आधी ३५ इंची ब्लेड, म्हणजे पातळ, अरुंद डोक्याचा पटर. "दादा, उजवीकडे वीस!" म्हणजे फेस जवळजवळ २ अंश उघडा, चेंडू १० सेंटीमीटर बाहेर. त्याच लांबीच्या मॅलेटवर, म्हणजे मोठ्या, रुंद डोक्याच्या पटरवर, ठिपका पंधरा सेंटीमीटरवर आला. मॅलेटच्या मागच्या लांब रेघांनी मदत केली, पण होल अजून लांबच.

मग नाकाच्या मुळाशी दोरा धरून ओळंबा सोडला. कूलर बंद करावा लागला, नाहीतर तो झुलत राहतो. ओळंबा चेंडूच्या ५-६ सेंटीमीटर आत, पायांकडे पडत होता. लांब शाफ्टमुळे मी जास्त ताठ आणि चेंडूपासून दूर उभा राहत होतो, आणि तिथून मला रेषाच उजवीकडे दिसत होती. ब्लेडची ग्रिप दीड इंच खाली धरली, कंबरेतून थोडा जास्त वाकलो. ओळंबा चेंडूवर आला, ठिपका सहावर. मॅलेटही तसाच धरला तर पाचवर. माझ्या बाबतीत डोक्याच्या आकारापेक्षा लांबीनेच जास्त फरक पाडला.

पण ग्रिप खाली धरल्यावर हात खाली आले आणि टो, म्हणजे डोक्याचं पायांपासून लांबचं टोक, उचलला गेला. टोखाली नाणं आरामात सरकतं. त्यामुळे फेस किंचित डावीकडे वळतो, म्हणजे सुधारणेतला थोडासा वाटा त्याचाही असणार. शाफ्ट कापला तरी हे आपोआप जाणार नाही, लाय अँगल, म्हणजे शाफ्ट आणि जमिनीमधला कोन, वाकवून घ्यावा लागेल. शिवाय आखूड पटरचं डोकं हाताला हलकं लागतं, त्यासाठी खाली शिशाची टेप लावावी लागेल.

लेझर फक्त उभं असतानाचा नेम दाखवतो. स्ट्रोकमध्ये फेस कसा फिरतो ते वेगळं: बोटावर तोलला की माझ्या ब्लेडचा टो खाली झुकतो, मॅलेटचा फेस आकाशाकडे राहतो. माझा स्ट्रोक कमानीचा आहे, त्यामुळे कापणार तो ब्लेडच. लाय अँगल ठीक झाला की हीच मोजणी पुन्हा करून आकडे लिहितो.