कागदावरचा प्रोग्राम

सोलापुरात शाळेच्याच कनिष्ठ महाविद्यालयात संगणकशास्त्र घेतलं, तेव्हा प्रॅक्टिकल संगणकावर व्हायचं, पण लेखी पेपरात सी++ चा प्रोग्राम पेननेच लिहावा लागे. चूक दाखवायला तिथे कंपायलर नसतो. मार्चच्या उकाड्यात घामेजल्या हाताखाली रुमाल ठेवून आम्ही लिहायचो.

आमच्या मॅडमनी सरावाला एक प्रश्न दिला होता: दहा संख्या घेऊन त्यांतली सर्वांत मोठी छापा. वर्गात बहुतेकांनी सुरुवातीला max = 0 लिहिलं. मॅडम काही बोलल्या नाहीत. फळ्यावर i, a[i] आणि max असे तीन रकाने आखले आणि संख्या घेतल्या -7, -3, -9. एकही संख्या शून्याहून मोठी नाही, त्यामुळे max शेवटपर्यंत हललाच नाही. उत्तर आलं 0, जे यादीत नव्हतंच! मग त्यांनी हे लिहिलं:

```
max = a[0];
for(i = 1; i < 10; i++)
{
    if(a[i] > max)
        max = a[i];
}
cout << max;
```

आता max -7 पासून सुरू होतो, -3 ला बदलतो आणि -9 ला तसाच राहतो. असं ड्राय रन उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने दोन मिनिटांत होतं. cout चुकून कंसाच्या आत गेलं, तर उत्तर एकदा नाही, नऊ वेळा छापलं जाईल, हेही तिथेच कळतं.

मांडणीबाबत मॅडम फार काटेकोर होत्या, आणि ते योग्यच होतं. उघडणारा महिरपी कंस लिहिला की त्याच्या बरोबर खाली, जागा सोडून, बंद करणाराही लगेच लिहायचा. मधल्या ओळी नंतर भरायच्या. आतली प्रत्येक ओळ बोटभर आत. लूप एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपणार असेल, तर सरळ नवं पान घ्यायचं. ओळ चुकली तर एक आडवी रेघ मारून खाली पुन्हा लिहायची, गिरवायचं नाही. गिरवलेला i हा 1 आहे की l, हे तपासणाऱ्याला कसं कळणार?

लॉजिक सुचलं नाही तरी पान कोरं सोडू नका, हे त्या प्रत्येक चाचणीआधी सांगत. हेडर फाइल, व्हेरिएबल्स, दहा संख्या वाचणारा लूप आणि शेवटचं cout एवढं तर येतंच. अडलेल्या जागी // टाकून ‘इथे मोठी संख्या शोधायची’ असं लिहायचं. त्या पायरीपायरीने गुण देत, आणि वाचता येईल अशा मांडणीतच त्यांना पायऱ्या वेगळ्या दिसत. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला सॉर्टिंगच्या प्रोग्रामात आतला लूप जमला नव्हता. बाकी सगळं जागच्या जागी होतं, आणि पाचपैकी तीन गुण मिळाले. सेमिकोलन सुटल्याबद्दल मात्र त्या अर्धाच गुण कापत, कारण तेवढं कंपायलरही दाखवून देतो, चुकीचा max नाही.