पांढऱ्या रश्श्याचं रील: पट्टी आणि कॅप्शन अखेर जुळलं

मंडळी, मागच्या अपडेटपासून लटकलेलं पांढऱ्या रश्श्याचं रील सुटलं एकदाचं! शूट, एडिटिंग सगळं केव्हाच झालेलं, अडलं होतं ते अक्षरांत. नारळाचं दूध अळणीत पडतं तो शॉट, ज्यासाठी अख्खं रील आहे, तिथं स्क्रीनवरच्या अक्षरांची पट्टी "नारळाचं दूध घाला" आणि कॅप्शनची पहिली ओळ पण तीच. दूध पडताना दिसतंयच की, आणि दोन्हीकडं वाचून पण रस्सा फुटू नये म्हणून करायचं काय ते कुठंच नाही.

मग वाटणी केली. जे डोळ्याला दिसत नाही पण त्याच घडीला हाताला लागतं, तेवढंच स्क्रीनवर, आणि कारण, मापं सगळी कॅप्शनला. खळखळून उकळी आली की नारळाचं दूध फुटतं, तेल वेगळं होऊन वर तरंगतं, पण आच किती आहे हे व्हिडिओत कळत नाही, म्हणून पट्टी आता "गॅस बारीक. उकळी नको." एवढीच. ती दूध पडायच्या जरा आधी येते आणि मोठ्यानं दोनदा वाचून होईपर्यंत राहते. कॅप्शनची पहिली ओळ केली "पांढरा रस्सा फुटतो तो इथंच", कारण कॅप्शन उघडायच्या आधी जेमतेम तेवढंच दिसतं. आणि ही ओळ प्रश्न टाकते, पट्टी उत्तर देते, लई भारी बसलंय ते! उघडलं की आत: अर्धा किलो मटणाची अळणी, खसखस-तीळ-काजूचं वाटण आधी त्यात उकळून घ्या, एका नारळाचं दाट दूध सगळ्यात शेवटी, ढवळत राहा, कडेला बारीक बुडबुडे आले की गॅस बंद.

आता रंग. पांढऱ्या रश्श्यावर पांढरी अक्षरं म्हणजे गायबच, नुसती काळी कड देऊन पण वेलांट्या आणि रफार गिचमिड होतात. अक्षरांमागं गडद पट्टी टाकली तेव्हा कुठं स्वच्छ दिसलं. फॉन्टला माझं मत अजून मुक्तालाच, एडिटिंग ॲपमधल्या तयार मराठी फॉन्टात "श्श्या" तुटतो, वरची मात्रा कापली जाते. आणि पट्टी खाली ठेवू नका, तिथं नाव आणि कॅप्शन बसतं, उजवीकडं बटणं. मी पातेल्याच्या वर, मधोमध ठेवली.

हे लिहिता लिहिता सुचलं, शेवटी दोन सेकंद मुद्दाम फोडलेला रस्सा दाखवावा, वर पट्टी "तेल सुटलं? आच जास्त." मग कॅप्शनमधलं कारण एका ओळीनं कमी होईल. म्हणजे रविवारी तांबड्याचं शूट होतं ते पुढं ढकललं, आधी थोडं दूध घेऊन हे करतो. तांबड्याच्या कटावर कुठल्या रंगाची पट्टी उठून दिसते, कुणी करून बघितलंय का?