मॉक्सन अँटेना: एसडब्ल्यूआर जुळला, तरी पाठीमागचं ऐकू येत होतं

दोन मीटर बँडसाठी (144 ते 146 मेगाहर्ट्झ) तारेची दिशादर्शी अँटेना करायची तर मॉक्सन रेक्टँगल हा सोपा पर्याय आहे. आयताकृती चौकट, आत दोनच एलिमेंट, आणि थेट 50 ओहमची को-ॲक्स जोडता येते. वेगळं मॅचिंग लागत नाही.

2 मिमी जाडीच्या उघड्या तांब्याच्या तारेसाठी 145 मेगाहर्ट्झची मापं अशी: आयताची लांब बाजू 746 मिमी. पुढच्या, म्हणजे को-ॲक्स जोडायच्या एलिमेंटची टोकं मागे वळलेली, प्रत्येकी 103 मिमी. मागच्या रिफ्लेक्टरची टोकं पुढे वळलेली, प्रत्येकी 142 मिमी. समोरासमोर येणाऱ्या टोकांमधली फट 30 मिमी. पुढची तार बरोबर मध्ये तोडून को-ॲक्सचा गाभा एका बाजूला आणि जाळी दुसऱ्या बाजूला डाग देऊन जोडली. चौकट पीव्हीसी पाइपची. फटीचं माप सगळ्यात नाजूक असतं, कारण दोन्ही एलिमेंटचं नातं बरंचसं या टोकांमधूनच ठरतं. ती वाऱ्याने हलू नये म्हणून दोन्ही टोकं प्लास्टिकच्या एकाच पट्टीला बांधली.

पहिल्या वेळी उघडी तार न घेता घरगुती वायरिंगची पीव्हीसी आवरणाची तार वापरली, मापं मात्र वर दिलेलीच ठेवली. नॅनोव्हीएनएवर एसडब्ल्यूआरचा तळ 145 ऐवजी 140.5 मेगाहर्ट्झला दिसला. आवरणामुळे तारेवरून लहर हळू जाते, म्हणून तीच तार विजेच्या दृष्टीने लांब ठरते. मग पुढच्या एलिमेंटची टोकं थोडी थोडी छाटत तळ 145 वर आणला. एसडब्ल्यूआर 1.2. इथेच थांबावंसं वाटतं, आणि चूकही इथेच होते.

कारण एसडब्ल्यूआर एवढंच सांगतो की केबलला समोर 50 ओहमच्या जवळचं काही दिसतंय. डमी लोडचाही एसडब्ल्यूआर 1.0 येतो, पण त्यातून काहीच बाहेर पडत नाही. दिशा तपासायला वेगळी मोजणी लागते. मोकळ्या जागेत 8 मीटरवर साधा डायपोल उभारून CH0 ला जोडला, मॉक्सन CH1 ला. दोन्ही अँटेना आडव्या आणि जमिनीपासून सारख्या उंचीवर. S21 चा आलेख एकदा तोंड डायपोलकडे ठेवून घेतला, एकदा पाठ करून. दोन्हींतला फरक म्हणजे फ्रंट-टू-बॅक. 145 ला तो फक्त 7 डेसिबल आला, तर 140.5 च्या आसपास त्याहून बराच जास्त. रिफ्लेक्टर अजून जुन्या जागीच ट्यून होता. छाटल्यामुळे फट वाढली, ते वेगळंच.

शेवटी सगळी तार सोलून उघडी केली आणि पुढचा एलिमेंट नव्या तारेने मूळ मापात पुन्हा केला. आता तळ 144.7 वर, 1.15. एसडब्ल्यूआर 1.5 च्या खाली राहतो 142.8 ते 147.4 पर्यंत; पण फ्रंट-टू-बॅक 15 डेसिबलच्या वर राहतो 143.7 ते 146.3 एवढ्यातच. 147.4 ला एसडब्ल्यूआर 1.5 असूनही तो 9 डेसिबलवर उतरतो. दिशेसाठी अँटेना वापरायची असेल तर तिची खरी मर्यादा हा दुसरा पट्टा. जमिनीवरून परतणाऱ्या लहरींमुळे अंगणातले हे आकडे दोन-तीन डेसिबल इकडेतिकडे होतात. अँटेना अर्धा मीटर पुढेमागे सरकवून दोनदा मोजलं की अंदाज येतो.

एसडब्ल्यूआर मोजताना दोन गोष्टी फसवतात. कॅलिब्रेशन (ओपन, शॉर्ट, लोड) नॅनोव्हीएनएच्या तोंडाशी न करता को-ॲक्सच्या अँटेनाकडच्या टोकाला करावं. आरजी-58 च्या 10 मीटरमध्ये 145 मेगाहर्ट्झला साधारण 2 डेसिबल जातात. परतणारी लहर हा तोटा दोनदा सोसते, म्हणून अँटेनाचा 3 चा एसडब्ल्यूआर खाली 1.9 दिसतो. केबल जितकी वाईट, तितका आकडा गोड.

दुसरं, आलेख स्क्रीनवर चालू असताना केबल मुठीत धरून हात वरखाली सरकवावा. तळ हलला तर जाळीच्या बाहेरच्या अंगावरून करंट वाहतोय, म्हणजे केबलही अँटेनाचा भाग झाली आहे. तेव्हा जोडणीजवळ व्हीएचएफला चालणारे तीन-चार फेराइट मणी केबलवर ओवले आणि केबल एक मीटरभर रिफ्लेक्टरच्या दिशेने सरळ मागे नेऊन मग खाली सोडली. त्यानंतर हात लावून आलेख जागचा हलला नाही, आणि पाठीमागचा सिग्नलही आणखी 3 डेसिबलने पडला. वर दिलेले शेवटचे आकडे हे मणी घातल्यानंतरचे आहेत.