पुठ्ठ्यातली एकवीस लिटर ज्वारी

नववीत बहुपदी शिकवताना आमच्या गणिताच्या सरांनी एके दिवशी वर्गात पुठ्ठे आणले. प्रत्येक पुठ्ठा ४० सेंटिमीटर लांब आणि २५ रुंद. चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे, उरलेल्या बाजू उभ्या दुमडायच्या, कडा चिकटवायच्या, की बिनझाकणाची पेटी तयार. प्रश्न एवढाच होता की चौरस केवढा कापला तर पेटीत सगळ्यात जास्त ज्वारी मावेल. परभणीतल्या आमच्या वर्गात ज्वारीला काय तोटा? दोघातिघांनी घरून पिशव्या आणल्या होत्या.

चौरसाची बाजू x धरली, तर दोन्हीकडून कापल्यामुळे लांबी 40 − 2x, रुंदी 25 − 2x आणि उंची x होते. घनफळ म्हणजे या तिघांचा गुणाकार:

V = x(40 − 2x)(25 − 2x) = 4x³ − 130x² + 1000x

ही त्रिघाती बहुपदी. आमच्या गटाने २ सेंटिमीटर कापले आणि पेटीत जेमतेम दीड लिटर ज्वारी मावली. ८ कापणाऱ्यांची पेटी उंच पण अरुंद झाली, तिच्यात पावणेदोन लिटरच्या आसपास. ५ कापणाऱ्या मुलींच्या पेटीत मात्र सव्वादोन लिटर मावली. सूत्रातही ५ ला २२५०, ४ ला २१७६ आणि ६ ला २१८४ घनसेंटिमीटर येतात.

मला एवढ्यावर थांबवेना. माझे वडील पत्र्याचे कारागीर, पत्रा वाया जाऊ नये हे घरात रोज ऐकलेलं. मी वहीत मोठमोठ्या किमती घालत सुटलो आणि ३० ला घनफळ २१,००० आलं. एकवीस लिटर! मी धावत सरांकडे गेलो. सरांनी वही पाहिली, चूक काढली नाही. हिशेब बरोबरच होता. त्यांनी फक्त कात्री आणि कोरा पुठ्ठा माझ्या हातात दिला. "काप बाबा ३० चा चौरस."

पुठ्ठा २५ रुंद. त्यातून ३० कुठून कापणार? मी तसाच उभा राहिलो. मग सरांनी फळ्यावर दोन कंस मांडून दाखवले. 40 − 60 म्हणजे उणे २०, 25 − 60 म्हणजे उणे ३५. उणे गुणिले उणे अधिक. लांबीही नाही, रुंदीही नाही, तरी गुणाकार भरघोस. "समीकरणाला पुठ्ठा दिसत नसतो रे. तो आपण दाखवायचा," सर म्हणाले.

पुठ्ठा दाखवायचा म्हणजे x ची हद्द ठरवायची. चौरस शून्यापेक्षा मोठा हवा, नाहीतर बाजूच उभ्या राहत नाहीत. आणि २५ च्या कडेवर दोन चौरस बसायचे असल्याने तो साडेबारापेक्षा लहान हवा. म्हणून 0 < x < 12.5. लांबीकडून २० ची मर्यादा येते, पण लहान बाजू आधीच अडवते. साडेबारा ते वीस या पट्ट्यात घनफळ ऋण येतं, म्हणजे काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं. फसवणूक २० च्या पुढे आहे, कारण तिथे उत्तर पुन्हा धन होतं आणि खरं वाटतं.

बारावीत डेरिव्हेटिव्ह, म्हणजे x बदलताना घनफळ किती वेगाने बदलतं हे मोजायची रीत आली, तेव्हा तेच गणित घेतलं. शिखरावर हा वेग शून्य असतो. 12x² − 260x + 1000 = 0 सोडवल्यावर x = 5 आणि x = 50/3, म्हणजे सुमारे १६.६७. दुसरं उत्तर हद्दीबाहेरचं, ते मी ताबडतोब सोडून दिलं. मला जास्त आवडलं ते ५ च्या आसपासचं वागणं. चौरस ४.९ चा झाला किंवा ५.१ चा झाला, तरी घनफळ २२५० वरून एक घनसेंटिमीटरसुद्धा कमी होत नाही, कारण शिखरापाशी आलेख जवळजवळ सपाट असतो. तीच मिलिमीटरभर चूक x = 1 पाशी केली, तर सुमारे ७४ घनसेंटिमीटरचा फरक पडतो.

हे मी घरी वडिलांना सांगितलं. ते ऐकून घेत म्हणाले, "पण पत्र्याची कड मुडपावी लागते, नाहीतर हात कापतो. एक सेंटिमीटर त्यात जाते." मी परत वही उघडली. आता उंची x − 1, आणि V = (x − 1)(40 − 2x)(25 − 2x). हद्दही बदलली: डावीकडे शून्य नाही, एक. ५ कापले तर १८०० येतात, ६ कापले तर १८२०, आणि सगळ्यात जास्त ५.६ च्या जवळ, सुमारे १८२८. वडिलांनी पट्टी घेतली, पत्र्यावर साडेपाचच्या जरा पुढे खूण केली आणि कात्री लावली.