मिक्सरची पुस्तिका आणि दीड मिनिटाचा व्हिडिओ

जळगावात घरगुती उपकरणं विकणारं एक दुकान आहे, त्यांच्यासाठी मी अधूनमधून छोटे व्हिडिओ करून देते. उन्हाळ्यात मसाल्याचे दिवस सुरू झाले की त्यांच्या दुरुस्तीच्या टेबलावर एकाच तक्रारीचे मिक्सर येऊन पडतात : "मोटर जळाली." वर्षाचा मसाला कांडपावर जातो, पण अर्धा-पाव किलोचा काळा मसाला बाया घरीच करतात. भाजलेलं खोबरं, मिरची, धणे, सगळं एकदम भांड्यात कोंबलं की मिक्सर गुरगुरतो आणि बंद पडतो. दुरुस्तीवाले दादा तो आडवा करतात, बुडाचं लाल बटण दाबतात, मिक्सर चालू. मोटर बहुतेक वेळा जळालेली नसतेच. जास्त ताण आला म्हणून आतल्या ओव्हरलोड स्विचनं वीज तोडलेली असते, बस.

ही गोष्ट पुस्तिकेत लिहिलेली आहे. पण ती कोण वाचतं? शेठनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "ताई, याचा व्हिडिओ करा. तीन पायऱ्या, दीड मिनिट. आणि यातलं काही सुटायला नको."

बारीक टाइपातली, इंग्रजी-हिंदीतली पुस्तिका. सुट्या भागांची आकृती, तांत्रिक माहिती, सुरक्षेच्या सूचना, वापर, सफाई, बिघाड-उपाय, वॉरंटी. त्याच क्रमानं तीन पायऱ्या पाडल्या तर 'भाग ओळखा, वापरा, स्वच्छ करा' असं काहीतरी होतं. दिसायला नीटनेटकं, पण ज्या बाईचा मिक्सर आत्ता बंद पडलाय तिच्या कामाचं त्यात काही नाही. म्हणून मी पुस्तिका बाजूला ठेवली आणि आधी काम ठरवलं : सुका मसाला दळायचा, आणि मधे मिक्सर थांबलाच तर तो पुन्हा सुरू करायचा. सफाई, चटणी, ज्यूस, सगळं बाहेर. शेठना हे पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, सफाई सांगितली नाही तर लोक मोटरवरच पाणी ओततील. त्यात तथ्य होतं, म्हणून सफाईचा वेगळा व्हिडिओ करायचं ठरलं.

मग पुस्तिका पुन्हा उघडली आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला : हे वाचून हातानं काय करायचं? ज्या वाक्याला उत्तर नव्हतं ते वगळलं. वॅट, व्होल्टेज, प्लास्टिकचा प्रकार असं बरंच गेलं. उरलेल्या वाक्यांसमोर ती कृती नेमकी कोणत्या क्षणी करायची ते लिहिलं. खरी अडचण इथे कळली. एका क्षणाच्या सूचना तीन-तीन पानांवर विखुरल्या होत्या. लाल बटणाचंच बघा. 'बटण दाबा' हे बिघाडाच्या तक्त्यात. 'थंड होऊ द्या' हे वापराच्या पानावर. 'हात लावण्याआधी प्लग काढा' हे सुरक्षेच्या पानावर. आणि फिरवायचं बटण शून्यावर आणायचं, हे भलतीकडेच. ते शून्यावर न आणता आणि प्लग न काढता लाल बटण दाबलं तर मिक्सर हातात असतानाच सुरू होतो. आधी भांडं उतरवा, हे तर कुठेच नव्हतं, कारण लिहिणाऱ्यानं ते गृहीत धरलं असावं. भांड्यासकट मिक्सर आडवा केला की मसाला ओट्यावर.

या विखुरलेल्या सूचना एका ओळीत लावल्या आणि तिसरी पायरी तयार झाली. पहिल्या दोन तिच्यावरून मागे जात सुचल्या. मिक्सर थांबू नये म्हणून कसं दळायचं, ती दुसरी. आणि दळण्याआधी काय भरायचं, किती भरायचं, ती पहिली.

दुसऱ्या पायरीत आकड्यानं अडवलं. मिक्सरच्या खालच्या पाटीवर '३० मिनिटं' असं होतं. अनेक मिक्सरवर असतं. ग्राहक समजतो, सलग अर्धा तास चालतो. पुस्तिकेत मात्र त्याचा खुलासा होता : पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, असे सहा फेरे. ही मोटरची शेवटची मर्यादा झाली, मसाला दळायची पद्धत नव्हे. खोबऱ्याचा मसाला सलग पाच मिनिटं फिरवला तर तो तापतो, तेल सोडतो, पात्याखाली गोळा होऊन बसतो आणि ताण वाढतो तो तिथेच. दादांना विचारलं तर ते म्हणाले, "मर्यादेच्या आतच सांगा, बाहेर नको." म्हणून स्क्रिप्टमध्ये पाच मिनिटांचा उल्लेखच आला नाही. आधी बटण डावीकडे दाबून धरून दोन-तीन झटके, मग एक नंबर, मग दोन, मिनिटभरानं थांबायचं, प्लग काढून चमच्यानं कडेचं खाली आणायचं. पुस्तिकेतला आकडा बदलायचा नाही, पण त्याच्या आतला, हाताला सोपा आकडा द्यायचा, हे शेठनीही मान्य केलं.

पुस्तिकेत भांड्यात किती भरायचं ते ग्रॅममध्ये होतं. मसाला करताना वजनकाटा कोण घेऊन बसतं? 'अर्धं भांडं' असं केलं.

वाक्यरचनेनं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. पुस्तिकेची भाषा अशी : 'प्लग लावण्यापूर्वी बटण शून्यावर असल्याची खात्री करून घ्यावी.' वाचताना यात गैर काही वाटत नाही. पण ऐकणारीच्या कानावर आधी 'प्लग लावण्या' पडतं आणि हात प्लगकडे जातो. व्हिडिओ बघत काम करणारा माणूस वाक्य संपायची वाट बघत नाही. म्हणून नियम केला : जे आधी करायचं ते वाक्यातही आधी. 'बटण शून्यावर आणा. आता प्लग लावा.' एका वाक्यात एकच कृती. 'करण्यात यावे' गेलं, 'करा' आलं. इशारेही शेवटी एकत्र न देता ज्या क्षणी धोका आहे त्याच्या लगेच आधी ठेवले. गरम मसाल्याची वाफ झाकण उडवते, हे भरण्याच्या आधी आलं.

वहीचं पान मधे रेघ मारून दुभागलं. डावीकडे काय दिसेल, उजवीकडे काय ऐकू येईल. जे डावीकडे दिसतंय ते उजवीकडे पुन्हा सांगायचं नाही, यानं निम्मे शब्द वाचले. आवाजाची बाजू अशी उरली :

'पहिली पायरी, भरा. भाजलेला मसाला पूर्ण थंड होऊ द्या, गरम असला तर वाफेनं झाकण उडतं. सुकं भांडं घ्या. अर्धंच भरा, इथपर्यंत. झाकण लावा. बटण शून्यावर आणा. भांडं बसवून फिरवा, टक आवाज येईपर्यंत. आता प्लग लावा.

दुसरी पायरी, थांबत थांबत दळा. झाकणावर हात ठेवा. बटण डावीकडे दाबून धरा, सोडा. पुन्हा धरा, सोडा. आता एक नंबर, मग दोन. एक मिनिट झालं की शून्य. प्लग काढा, चमच्यानं कडेचं खाली घ्या, मग पुन्हा.

तिसरी पायरी, मिक्सर बंद पडला तर. बटण शून्यावर. प्लग काढा. भांडं उतरवा, थोडा मसाला कमी करा. पाच मिनिटं थांबा. मिक्सर आडवा करा, खालचं लाल बटण दाबा. भांडं बसवा, प्लग लावा, एक नंबरपासून सुरू करा. जळका वास येत असेल किंवा पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, तर वापरू नका, दुकानात आणा.'

हे घड्याळ लावून मोठ्यानं वाचलं. मनातल्या मनात वाचून उपयोग नाही, डोळे जिभेपेक्षा पुढे पळतात. शब्द दीड मिनिटात बसत होते, पण हाताला वेळ लागतो. तेव्हा वाक्यांमधे मोकळी जागा सोडली आणि शेठकडून अर्धा मिनिट मागून घेतला.

भाषेवरून थोडी ओढाताण झाली. शेठना सगळं अहिराणीत हवं होतं. पण त्यांचं गिऱ्हाईक धुळे-अमळनेरकडचं आहे तसं यावल-रावेरकडचंही आहे, तिकडच्या घरांत लेवा बोली चालते. सूचना साध्या मराठीतच ठेवल्या. फक्त तिसऱ्या पायरीच्या तोंडी एक बाई म्हणते, "मिक्सर बंद पडी गया, आते काय करू?" तेवढ्यानं मान वर होते, आणि ती ओळ कळली नाही तरी पुढचं अडत नाही.

चित्रण करण्याआधी शेजारच्या मावशींना बोलावलं. त्यांच्यासमोर तो मिक्सर ठेवला, मी स्क्रिप्ट वाचत गेले आणि त्या करत गेल्या. मधे काही समजावून सांगायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. 'अर्धं भांडं' ऐकून त्यांनी झाकणासकट उंची धरून अर्धं केलं, म्हणजे भांडं जवळजवळ दोन तृतीयांश भरलं. तिथे भांड्यावर बोट ठेवून रेघ दाखवायचं ठरलं. 'इथपर्यंत' हा शब्द त्यातून आला. भांडं त्यांनी फिरवलं, पण पूर्ण बसलं नव्हतं. म्हणून 'टक' आवाजाचा जवळून घेतलेला शॉट वाढवला आणि त्या दोन सेकंदांत माझा आवाज बंद ठेवला.

पाच मिनिटं थांबणं कॅमेऱ्यात कसं दाखवायचं, हा प्रश्न राहिला. कापलं की बघणाऱ्याला वाटतं, लगेच दाबायचंय. आणि लगेच दाबलं तर आतला स्विच गरमच असतो, बटण टिकत नाही. लोक दोन-तीनदा दाबून बघतात आणि म्हणतात, गेला. शेवटी भिंतीवरच्या घड्याळाचे दोन शॉट घेतले, पडद्यावर मोठ्या अक्षरात '५ मिनिटं' लिहिलं आणि बाई भाकरी थापताना दाखवली.

जे वगळलं त्याचं काय, हे शेठनी शेवटपर्यंत विचारलं. व्हिडिओच्या अखेरीस पुस्तिकेचं मुखपृष्ठ आणि 'बाकी सूचना यात वाचा' एवढं ठेवलं, आणि पुस्तिका खोक्यातच राहील याची त्यांनी काळजी घ्यायची. आता दुकानात दुसरं मॉडेल आलंय, त्याचं लाल बटण बुडाला नसून मागच्या बाजूला आहे. त्यासाठी पहिल्या दोन पायऱ्या तशाच राहतील. तिसरीतलं 'मिक्सर आडवा करा' काढायचं, 'खालचं'च्या जागी 'मागचं' म्हणायचं आणि तो एक शॉट नव्यानं घ्यायचा आहे.