ब्रश करूनही न जाणारा वास

तीन आठवडे पोळी-भात बंद. नुसती अंडी, पनीर, चिकन. आज आईनं हळूच विचारलं, "बाबू, तोंडाला कसला वास येते रे?" दोनदा ब्रश करूनही नेलपॉलिश रिमूव्हरसारखा तो वास जात नव्हता. कार्ब्ज फारच कमी झाले की शरीर चरबी जाळतं, त्यातून अ‍ॅसिटोन तयार होतं आणि श्वासावाटे बाहेर पडतं. ब्रश तिथे पोचतच नाही.

चार दिवस पोटही साफ नव्हतं. अंडी-चिकनमध्ये फायबर शून्य, त्यात नागपूरचं ऊन!

रात्री आईनं ज्वारीची भाकर, तुरीचं वरण अन् मेथीची भाजी वाढली. अंडी सुरूच ठेवणार. फायबर मात्र हळूहळू वाढवतोय, सोबत भरपूर पाणी. एकदम वाढवलं आणि पाणी कमी पडलं तर पोट आणखीच गच्च होतं.